कच्च्या घागरी : एका कुंभाराच्या धर्मसंकटाचं प्रकरण

ही गोष्ट रचलेली आहे. धोंडूआबा नावाचा कुंभार शोधायला तुम्ही गिरणेकाठी गेलात तर सापडणार नाही. पण भट्टी कशी लागते, घागर कच्ची कशी राहते आणि धर्माबद्दल जुन्या ग्रंथांत काय सांगितलं आहे, हे सगळं खरं आहे. गावात फोन आला नव्हता आणि घागर चार रुपयांना मिळायची, त्या काळातलं हे प्रकरण समजा.

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी घरोघरी पितरांच्या नावानं घागर भरतात. नवी घागर पाण्यानं भरायची, तिच्यावर लहान मडकं ठेवायचं, वर खरबूज ठेवायचं आणि पूजा करायची. वैशाखातल्या उन्हात पाणी देण्याचा हा सण, त्यामुळे पाण्यानं भरलेली घागर दानही देतात. त्या वर्षी एकसष्ट घरांनी धोंडूआबाकडे घागरी सांगितल्या होत्या. प्रत्येकानं दोन रुपये आगाऊ दिले होते. ते पैसे माती आणायला बैलगाडीवाल्याला आणि गोवऱ्यांना संपले होते. शिवाय दुकानदाराचे दीडशे रुपये आखाजीला परत करायचे होते.

फुटतुटीचा हिशोब धरून आबानं सत्तर घागरी केल्या. तळ्याचा गाळ चाळला, त्यात घोड्याची लीद आणि राख मिसळून तुडवला. चाकावर फक्त गळा आणि खांदा आकाराला येतो. घागरीचं पोट नंतर थापटून वाढवावं लागतं. आतून दगडी गोटा धरायचा, बाहेरून लाकडी थापटीनं मारत जायचं. नातीला, सुमीला, अजून थापटी देत नव्हते, पण सावलीत वाळणाऱ्या घागरी रोज फिरवून ठेवण्याचं काम तिचं होतं. एका बाजूनं घागर लवकर वाळली की तिला तडा जातो.

सोमवारी संध्याकाळी भट्टी लावली. खाली गोवऱ्यांचा थर, त्यावर पालथ्या घागरी, मधल्या फटींत गोवऱ्यांचे तुकडे, वर पाचट, आणि सगळ्यावर खापरं घालून चिखलाचा लेप, धुरासाठी भोकं सोडून. आग आतल्या आत चढत जायला हवी. रात्रभर जळायचं, मग दिवसभर हात न लावता निवू द्यायचं.

मध्यरात्री वळीव आला.

आबा आणि सुमी पत्रे आणि पोती घेऊन धावले. पूर्वेची बाजू झाकता आली. पश्चिमेकडचा लेप पावसानं वाहून गेला, पाणी आत शिरलं आणि त्या बाजूची आग बसली.

ठण आणि थप्प

मंगळवारी भट्टी उघडली. पश्चिमेची बाजू रात्रीच विझल्यामुळे लवकर थंड झाली होती. आबा एकेक घागर उचलून बोटाच्या पेरानं वाजवत होते. चांगली भाजलेली घागर ठण्ण वाजते आणि आवाज थोडा वेळ टिकतो. तडा गेलेली खरखरते. कच्ची घागर थप्प वाजते, जणू तिच्यात कुणी कापूस कोंबलाय.

एक्केचाळीस घागरी ठणठणीत निघाल्या. नऊ तडकल्या होत्या. तापलेल्या अंगावर पाणी पडलं की तसं होणारच. आणि वीस घागरी थप्प वाजल्या.

या वीस घागरी दिसायला सुरेख होत्या, म्हणूनच तर पुढचं सगळं घडलं. आकार नीट, कुठे चीर नाही. रंग थोडा फिका, पण वरून काव फासली की तोही लपतो. मग बिघडलं काय होतं? मातीच्या कणांमध्ये पाणी घट्ट बांधलेलं असतं. भट्टी साधारण 500 ते 600 अंशांपर्यंत तापली की ते पाणी निघून जातं आणि त्यानंतर ती माती पुन्हा चिखल होत नाही. तिथवर न पोचलेली घागर म्हणजे नुसती कडक वाळलेली माती. आबानं एका घागरीत पाणी भरून सुमीला थांबायला सांगितलं. चांगल्या घागरीलाही बाहेरून घाम फुटतो, त्यानंच पाणी गार होतं. पण या घागरीचा तळ तासाभरात मऊ पडला. सुमीनं नख ओढलं तर नखात चिखल आला.

मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटी मारून कोण पक्कं, कोण कच्चं ते पाहिलं, अशी कथा तुम्ही ऐकली असेल. नामदेव त्यात कच्चे ठरले. माणूस कच्चा ठरला तर त्याला गुरू शोधता येतो. घागरीला पुन्हा भट्टीतच जावं लागतं.

आणि ते शक्यही होतं. तडा नसलेली कच्ची घागर पुरती वाळवून पुन्हा भाजता येते. आखाजी शुक्रवारी होती. बुधवारी दिवसभर ऊन द्यायचं, संध्याकाळी भट्टी लावायची, गुरुवारी निवू द्यायची, शुक्रवारी पहाटे घागरी वाटायच्या. वेळ अगदी काठोकाठ पुरत होता. पुरत नव्हतं ते जळण. गोवऱ्या सगळ्या पहिल्या भट्टीत गेल्या होत्या, आणि पावसाळ्याच्या तोंडावर कुणी आपल्या गोवऱ्या विकायला तयार नसतं.

पहिली वाट : काव फासायची

सुमीची आजी म्हणाली, "द्या रंगवून. एका दिवसाचं तर काम. पूजा होईस्तोवर टिकल्या म्हणजे झालं."

यात थोडं तथ्य होतं. पूजेपुरती अर्धी घागर पाणी भरली तर दुपारपर्यंत कदाचित काही झालं नसतं. ज्यानं विकत घेतली त्याला कळलंही नसतं. पण ती घागर त्याच्या घरात राहणार नव्हती. ती दानात जाणार होती. म्हणजे तळ फुटून पाणी सांडणार ते अशा माणसाच्या घरी, ज्यानं आबाला एक पैसा दिला नव्हता आणि जो तक्रार करायलाही येणार नव्हता. दान मिळालेल्या वस्तूबद्दल कोण कुठे तक्रार करतो?

धर्म हा शब्द 'धृ' या धातूपासून आला, धर्म म्हणजे जे धरून ठेवतं ते, असं शाळेत सांगतात. मुलांना ते पाठ होतं आणि तिथेच संपतं. आबाच्या अंगणात त्याचा अर्थ फार साधा होता. घागरीनं पाणी धरलं पाहिजे, आणि आपण केलेली घागर शेवटी ज्याच्या हातात जाते, त्याच्याशी आपलं नातं आहे. मग त्यानं पैसे दिलेले असोत वा नसोत.

ही वाट आबानं फार विचार न करता सोडली. खोटं बोलायचं नाही, हा साधारण धर्म. साधारण म्हणजे सगळ्यांना सारखा लागू असलेला, राजा असो की कुंभार. इथवर संकट असं काही नव्हतं, मोह होता. चूक आणि बरोबर यांतून निवडणं अवघड जात असेल, पण त्यात गोंधळ नसतो. धर्मसंकट तेव्हा येतं, जेव्हा दोन्ही बाजूंना धर्मच उभा असतो.

दुसरी वाट : जिजीचा ढीग

तो उभा होता परसात, छपराखाली, कोरडा ठणठणीत. शेजारच्या जिजीच्या सहाशे गोवऱ्या.

जिजी एकटी राहायची. लेकीच्या बाळंतपणाला जाताना तिनं घराची किल्ली आणि गोवऱ्या आबाच्या हवाली केल्या होत्या. "पावसाळ्यात चूल त्याच्यावरच पेटायची, बघा हं," एवढं म्हणून ती एसटीत बसली. लेकीचं गाव लांब, एसटी दिवसातून एकदा, पुढे पायवाट. आज निरोप धाडला तर उत्तर लवकरात लवकर गुरुवारी यायचं. भट्टी बुधवारी संध्याकाळी लागायला हवी.

सुमी म्हणाली, "आबा, घेऊ या. आपण नंतर थापून परत रचून ठेवू. जिजी यायला महिना आहे."

आता पाहा. एका बाजूला एकसष्ट घरांना दिलेला शब्द. शब्द पाळणं हा धर्मच, आणि गावाला वेळेवर घागर देणं हा कुंभाराचा स्वधर्म. (स्वधर्म म्हणजे बापाचा धंदा मुलानं चालवलाच पाहिजे, असा अर्थ लावून या शब्दाचा पुष्कळ गैरवापर झाला आहे. आबाचा स्वतःचा मुलगा जळगावला ट्रक चालवत होता आणि आबाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. इथे तो शब्द एवढ्याच अर्थानं घ्या : जे काम आपण अंगावर घेतलं, त्यातून येणारी जबाबदारी.) दुसऱ्या बाजूला ठेव. विश्वासानं ठेवायला दिलेल्या वस्तूला न विचारता हात लावायचा नाही, हाही धर्म.

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत ठेवीवर वेगळं प्रकरणच आहे. पूर आला, चोरी झाली, राजानं नेली, अशा कारणानं ठेव गेली तर सांभाळणाऱ्यावर दोष येत नाही. पण ठेव जो आपल्या मर्जीनं वापरतो, त्याला दंड होतो आणि ती वाढीसह परत द्यावी लागते. नंतर भरून देईन, ही सबब तिथे चालत नाही.

शेजारच्या निवृत्त गुरुजींनी मात्र वेगळा मुद्दा काढला. ते म्हणाले, "धोंडू, आपद्धर्म नावाची गोष्ट आहे. संकटात नेहमीचे नियम सैल होतात."

गुरुजी चुकीचं सांगत नव्हते. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्मावर मोठा भाग आहे. त्यात विश्वामित्रांची कथा येते. बारा वर्षांचा दुष्काळ पडलेला, अन्नाचा कण नाही. भुकेनं मरायला टेकलेले विश्वामित्र एका चांडाळाच्या झोपडीत शिरून कुत्र्याचं मांस चोरायला निघतात. तो चांडाळ जागा होतो आणि त्यांनाच धर्म सांगतो. विश्वामित्र म्हणतात, आधी जगू दे, जगलो तर धर्म पाळता येईल. ही कथा वाचताना एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका : नियम सैल होतो तो जीव जात असताना.

आबानं गुरुजींना विचारलं, "गुरुजी, घागर नाही मिळाली तर कोण मरणार आहे?"

"मरणार कोणी नाही. पण तुझी पत जाईल."

"मग हे संकट माझं एकट्याचं झालं. त्याच्यासाठी जिजीची चूल कशी विझवू?"

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात नेमका प्रश्न हाच आहे. स्वतःची अडचण मोठी वाटली की माणूस तिला आपत्ती म्हणू लागतो. आबाचं नुकसान खरं होतं. दुकानदार तगादा लावणार, लोक बोलणार, पुढच्या वर्षी काही घरं दुसऱ्या गावच्या कुंभाराकडे जाणार. पण ते नुकसान होतं, आपत्ती नव्हती. आणि जिजीला त्याची किंमत द्यावी लागली असती ती भर पावसात, ओल्या सरपणासमोर. महिन्याभरात सहाशे गोवऱ्या थापून, वाळवून परत रचणं हे सुमीला सोपं वाटलं, कारण तिनं शेण किती लागेल याचा हिशोब केला नव्हता. आबाकडे एकच गाय होती. शिवाय वळवाचा पाऊस पुन्हा आला तर गोवऱ्या वाळणार कशा?

तिसरी वाट : खरं सांगून विकायचं

दुपारी तालुक्याच्या बाजारात मडकी विकणारा एक व्यापारी आला. त्यानं वीसही घागरी वाजवून पाहिल्या. आबानं काही सांगण्याआधीच तो म्हणाला, "कच्च्या आहेत. दोन रुपयांनी सगळ्या घेतो. रोख चाळीस."

ही वाट पहिल्या दोघींहून अवघड होती. आबाला इथे खोटं बोलावं लागत नव्हतं. कुणाची वस्तूही वापरावी लागत नव्हती. घेणाऱ्याला सगळं माहीत होतं आणि तो राजीखुशीनं घेत होता. घासाघीस होऊन ठरलेला उघड सौदा. यात अधर्म कुठे आहे?

आबा बराच वेळ खापरं गोळा करत राहिले. मग म्हणाले, "देतो. पण प्रत्येक घागरीच्या गळ्यावर खिळ्यानं फुली काढून देतो. धान्य ठेवायला, बी ठेवायला घागर उत्तम आहे. फुलीची घागर पाण्यासाठी नाही, एवढं गिऱ्हाइकाला सांगायचं."

व्यापारी हसला. "फुली काढलीस तर मी घेऊ कशाला?"

त्या उत्तरात सगळं आलं. घागरीची किंमत दोन रुपये नव्हतीच. दोन रुपये आबाच्या गप्प बसण्याचे होते. खरं फक्त व्यापाऱ्याला सांगून आबाचं तोंड स्वच्छ राहिलं असतं, पण खोटं बोलण्याचं काम त्यांनी दुसऱ्याला चाळीस रुपयांत देऊन टाकलं असतं.

शांतिपर्वातच तुलाधाराची कथा आहे. जाजली नावाचा तपस्वी इतका स्थिर उभा राहिला की त्याच्या जटांमध्ये पक्ष्यांनी घरटं केलं, पिल्लं वाढली, उडून गेली. त्याला वाटलं, आपल्याइतका धर्म कुणी जाणत नाही. तेव्हा त्याला सांगण्यात आलं, वाराणसीला तुलाधार नावाचा दुकानदार आहे, त्याला भेट. तुलाधार आपल्या दुकानात बसून सांगतो : माझा तराजू सगळ्यांसाठी सारखा असतो. वाचताना आपण समोरच्या गिऱ्हाइकाचा विचार करतो. पण त्यानं 'सगळ्या भूतांसाठी', म्हणजे सगळ्या जीवांसाठी, म्हटलं आहे, आणि बाजारात दहा कोस लांब उभी असलेली, आबाला कधीच न दिसणारी बाई त्यात येते.

व्यापारी रिकाम्या हातानं गेला. आजी संध्याकाळपर्यंत आबाशी बोलली नाही. चाळीस रुपये म्हणजे दुकानदाराच्या देण्याचा चौथ्याहून थोडा जास्त हिस्सा होता. तिचं रागावणं समजण्यासारखं आहे.

मग काय झालं

मंगळवारी रात्री आबा पारावर गेले आणि जे झालं ते सांगून टाकलं. एक्केचाळीस घागरी पक्क्या आहेत, वीस कमी पडतात. ज्या घरात वर्षभरात कुणी वारलं असेल, त्यांना पहिल्या. बाकीच्यांना ज्यांनी आधी पैसे दिले त्या क्रमानं. ज्यांना मिळणार नाही त्यांचे दोन रुपये परत, पण लगेच नाही, दिवाळीपर्यंत. आणि कुणाला गोवऱ्या देता आल्या तर जितक्या जमतील तितक्या पुन्हा भाजतो.

लोक चिडले. पाऊस आला यात धोंडूचा काय दोष, असं म्हणणारे थोडे होते. भट्टी आधी लावायला काय झालं होतं, असं म्हणणारे जास्त. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. वैशाखात वळीव येतो हे कुंभाराला ठाऊक असतं, आणि आबानं पाच-सहा दिवस आधी भट्टी लावली असती तर दुसरी संधी मिळाली असती. धर्म पाळायचा तर काम वेळेवर करणं हाही त्यातला भाग आहे, हे आबानं पारावर मान्य केलं.

बुधवारी दुपारपर्यंत काही घरांतून पाट्या आल्या. कुणी दहा गोवऱ्या, कुणी पंचवीस. वीस घागरींना पुरेल एवढं जळण जमलं नाही, तेराची लहान भट्टी होईल इतकं जमलं. लहान भट्टीत उष्णता टिकत नाही, म्हणून आबानं कडेनं तडकलेल्या नऊ घागरींची खापरं दुहेरी रचली. त्या रात्री पाऊस आला नाही. शुक्रवारी पहाटे तेरापैकी बारा घागरी ठण्ण वाजल्या. एक सांध्यावर उकलली.

एक्केचाळीस आणि बारा, त्रेपन्न. आठ घरं राहिली. त्यांनी तांब्या-पितळेच्या घागरी भरल्या. त्यातल्या तीन घरांनी पुढच्या वर्षी दुसऱ्या गावाहून घागरी आणल्या. दुकानदारानं उरलेल्या पैशांवर व्याज लावलं.

महिन्यानं जिजी परतली. सुमीनं तिला सगळं सांगितलं. जिजी कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, घ्यायच्या होत्या की! मी काय नाही म्हटलं असतं?"

सुमी आबाकडे विजयी नजरेनं पाहू लागली. आबा काही बोलले नाहीत. एवढं मात्र सुमीच्याही लक्षात आलं होतं की हे म्हणण्याआधी जिजी परसात जाऊन आपला ढीग पाहून आली होती.

तरी सुमीचं समाधान झालं नाही, आणि तिचा आक्षेप इथे नोंदवायला हवा. तिचं म्हणणं असं : जिजी 'हो' म्हणणार हे आपल्याला जवळजवळ माहीत होतं. मग आठ घरं कोरडी ठेवून काय मिळवलं? धर्म शब्दांवर चालतो की माणसांच्या मनावर? आबाचं म्हणणं, जिजीचं मन जिजीनं सांगायचं असतं. आपल्याला गरज असताना आपण ओळखलेलं दुसऱ्याचं मन नेहमी आपल्या सोयीचंच निघतं. सुमी म्हणाली, हे नेहमीच खरं नसतं. आबा म्हणाले, नसेल.

उरलेल्या सात कच्च्या घागरींच्या गळ्यांवर आबानं फुल्या काढल्या आणि रुपयाला एक अशा विकायला ठेवल्या. पाच गेल्या, बियाणं ठेवायला. एक जिजीनं हरभऱ्यासाठी नेली आणि पूर्ण चार रुपये दिले. तीन रुपये परत घेण्यावरून तिचं आणि आबाचं अंगणात चांगलंच भांडण झालं.